मोडी पत्रातलं न लागणारं अक्षर

जुन्या पेटीतून आजोबांचं मोडी पत्र निघालं, की त्याचा फोटो इंग्रजी भाषांतरासाठी जाणकाराकडे जातो. एवढ्या वळणदार मजकुराचं इंग्रजी कसं होतं?

आधी भाषांतर नाही, देवनागरी लिप्यंतर. मोडी शक्यतो हात न उचलता लिहीत. शब्दांत जागा सोडत नसत, ऱ्हस्व-दीर्घही वेगळं दाखवत नसत. त्यामुळे ‘तीनआली’ म्हणजे ‘तीन आली’ की ‘ती न आली’? आगेमागे पत्रांचा उल्लेख असेल तर पहिलं, मुलीचा असेल तर दुसरं.

अक्षरच शंकास्पद असेल तर त्याच हाताचं तेच अक्षर पत्रात इतरत्र शोधून वळण ताडतात. घडीवरची रेघ शाईची की सावलीची, हे उजेडाची बाजू बदलून पुन्हा फोटो काढला की कळतं. सावली सरकते, शाई जागची हलत नाही.

तरीही लागलं नाही, तर? ‘रुपये [पाच?] दिले’ म्हणजे वाचन संशयित, ‘रुपये [एक शब्द अवाच्य] दिले’ म्हणजे वाचलंच गेलं नाही. या खुणा इंग्रजीतही तशाच ठेवायच्या. अंदाजाने ‘पन्नास’ भरलं, तर इंग्रजी वाचणाऱ्या नातवाला तो अंदाज आहे हे कधीच कळणार नाही. खूण असेल, तर कुणीतरी मूळ कागद पुन्हा उजेडात धरून बघेल.