लॉगरिदमला काप का द्यावा लागतो?

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव हे पूर्व रेखांश ७८° च्या जवळपास आहे. कल्पना करा, की तेथून एक प्रवासी सतत पूर्वेकडे निघाला आणि प्रत्येक टप्प्यावर आपला रेखांश वहीत मांडत गेला. ७८, १००, १५०, १८०, मग १९०, २००... पृथ्वीला फेरी मारून तो महागावी परतला, की वहीत ४३८ असा आकडा येईल. गाव तेच, पण आकडा ३६० ने वाढलेला! नकाशावर असे होत नाही, कारण तेथे १८०° पूर्वनंतर लगेच पश्चिम रेखांश सुरू होतात. म्हणजे आकड्याने तेथे ३६० ची उडी मारलेली असते. संमिश्र संख्यांच्या लॉगरिदमची अडचण नेमकी हीच आहे.

शून्येतर संमिश्र संख्या z ही आरंभबिंदूपासूनचे अंतर r आणि धन वास्तव अक्षाशी होणारा कोन θ (रेडियनमध्ये) यांनी ठरते. eʷ = z हे समीकरण सोडवले, की

w = ln r + iθ

असे उत्तर मिळते. पण θ ऐवजी θ + २π किंवा θ − २π घेतले तरी बिंदू तोच राहतो. म्हणून प्रत्येक z ला एकमेकांपासून २πi च्या अंतरावर असलेले असंख्य लॉगरिदम असतात. −१ चे लॉगरिदम πi, ३πi, −πi, ... असे आहेत. योहान बर्नुली log(−१) = ० मानत असे. त्याचा युक्तिवाद असा, की (−१)² = १, म्हणून २ log(−१) = log १ = ०. लाइब्निट्सला हे मान्य नव्हते. log १ ची किंमतही एकच नसून ०, २πi, ४πi, ... अशा अनेक किमती आहेत, हे अठराव्या शतकाच्या मध्यास ऑयलरने दाखवले आणि वाद मिटला.

गणित करताना मात्र एकच उत्तर हवे असते. म्हणून −π < θ ≤ π अशी अट घालून मिळणाऱ्या किमतीला मुख्य मूल्य म्हणतात व ते Log z असे लिहितात. आता ऋण वास्तव अक्षाजवळ पाहा. −१ + ०.००१i चा कोन सुमारे ३.१४०६ आहे, तर −१ − ०.००१i चा −३.१४०६. दोन बिंदूंमधील अंतर केवळ ०.००२, पण लॉगरिदममध्ये जवळजवळ २πi चा फरक! या ऋण अक्षालाच आपण येथे 'काप' म्हणू.

ही उडी चतुराईने टाळता येईल का? समजा, शून्य वगळून सर्व प्रतलावर कोठेही उडी न मारणारा लॉगरिदम आहे. एकक वर्तुळावर t कोनापाशी त्याचा काल्पनिक भाग h(t) माना. तोही त्या बिंदूचा एक कोनच असल्यामुळे h(t) − t ही २π ची पूर्णांकी पट असते. सतत बदलणारी राशी केवळ अशाच पटी घेत असेल, तर ती स्थिरच राहिली पाहिजे. म्हणून t चे मूल्य ० पासून २π होईपर्यंत h देखील २π ने वाढेल. पण सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू एकच! तेथे h च्या दोन किमती असू शकत नाहीत. म्हणजे असा लॉगरिदम अस्तित्वातच नाही.

दोष शून्याभोवती फिरण्यात आहे. ३ हा मध्य आणि १ ही त्रिज्या घेऊन वर्तुळ काढले, तर कोन थोडा वाढतो, कमी होतो आणि पूर्ववत होतो; तेथे अडचण येत नाही. म्हणून काप असा हवा, की शून्याला वेढणारी कोणतीही फेरी तो ओलांडल्याशिवाय पुरी होऊ नये. तो शून्यापासून अनंतापर्यंत जावा लागतो, पण सरळ किंवा ऋण अक्षावरच असावा असे बंधन नाही. आंतरराष्ट्रीय वाररेषाही अशीच ध्रुवापासून ध्रुवापर्यंत जाते आणि १८०° वरून सोयीप्रमाणे वळते. १९९५ च्या सुरुवातीस किरिबाटी या देशाने आपल्यापुरती ती बरीच पूर्वेला सरकवली. तिची जागा बदलता आली, पण ती नाहीशी करता आली नाही. रेषा ठरलेली नव्हती तेव्हा, १५२२ मध्ये, मॅगेलनच्या मोहिमेतील उरलेले खलाशी पश्चिमेकडून फेरी पुरी करत आले असता त्यांच्या रोजनिशीत एक दिवस कमी भरला होता.

काप विसरल्यास गणितातही असाच हिशेब चुकतो. z = −१ + i घ्या. तिचा कोन ३π/४ आहे. म्हणून २ Log z = ln २ + ३πi/२. पण z² = −२i, आणि Log(−२i) = ln २ − πi/२. दोन उत्तरांत बरोबर २πi चा फरक पडला. शाळेत शिकलेला 'गुणाकाराचा लॉगरिदम म्हणजे लॉगरिदमांची बेरीज' हा नियम मुख्य मूल्यासाठी तेव्हाच चालतो, जेव्हा कोनांची बेरीज −π आणि π यांच्या दरम्यान, फार तर π इतकी, राहते. विद्यार्थ्याचे उत्तर नेमके २πi ने चुकले असेल, तर त्याने वाटेत काप कोठे ओलांडला, हे आधी शोधावे.