वजन उतरलं, मग एलडीएल का नाही?

आठ आठवडे जेवणावर ताबा ठेवला, रोज चालणं झालं, साडेचार किलो वजन उतरलं. मोठ्या उमेदीनं लिपिड प्रोफाइल करून घेतलं, तर एलडीएल जवळपास होतं तिथंच आणि ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते एचडीएल उलट थोडं खाली. इथं बरेच लोक खचतात. काही जण आहार सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्याच कागदावर चांगली बातमी छापलेली असते. ती नेमकी त्या ओळीत नसते, जी आपण आधी पाहतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, ५२ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. वजन ८४ किलो, पोट सुटलेलं, बीपी १४६/९२. सुरुवातीचा रिपोर्ट असा: एकूण कोलेस्टेरॉल २१८, ट्रायग्लिसराइड २६०, एचडीएल ३४, एलडीएल १३२. आठ आठवड्यांनी वजन साडेएकोणऐंशी किलो. आता एकूण कोलेस्टेरॉल १९६, ट्रायग्लिसराइड १७०, एचडीएल ३२, एलडीएल १३०. म्हणजे एलडीएल दोननं घटलं आणि एचडीएलही दोननं. ट्रायग्लिसराइड मात्र २६० वरून १७० वर आलं. सगळ्यात आधी हलणारा आकडा हाच, आणि त्याचं कारण यकृतात आहे.

पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी यकृताला सतत चरबीचा पुरवठा करत असते. यकृतातही ती साचते. ही जास्तीची चरबी यकृत गाठोडी बांधल्यासारखी बांधून रक्तात पाठवतं, आणि रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड म्हणून आपण मोजतो ती मुख्यतः हीच गाठोडी. खाणं कमी झालं की शरीर साठा वापरायला काढतं, आणि यकृतातली चरबी फार लवकर उतरते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे डॉ. रॉय टेलर यांनी २०११ साली टाइप २ मधुमेहाच्या ११ रुग्णांना देखरेखीखाली रोज सुमारे ६०० कॅलरीचा आहार दिला. एका आठवड्यात त्यांच्या यकृतातली चरबी सुमारे ३० टक्के घटली होती आणि उपाशीपोटीची साखर नॉर्मल झाली होती. इतका कडक आहार घरच्या घरी करायचा नाही. पण यातून एक गोष्ट कळते: काट्यावर मोठा फरक दिसण्याआधीच आत बदल सुरू झालेला असतो.

आपल्याकडे हे जास्त लागू पडतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय बारीक, वजन बेताचं, तरी आत चरबी जास्त, असा हा आपला बांधा. म्हणून आपल्या लोकांच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी ही जोडी वारंवार दिसते. याच कारणानं पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या वर गेली की आपल्याकडे तो धोक्याचा इशारा मानतात. कंबर उतरत असेल तर ट्रायग्लिसराइड बहुधा उतरणारच. मात्र हा आकडा चंचल असतो. आदल्या रात्रीचं लग्नाचं जेवण किंवा दारू त्याला वर नेते. एकाच माणसाच्या दोन दिवसांच्या तपासणीत वीस टक्क्यांचा फरक सहज पडतो. तेव्हा उपाशीपोटी, नेहमीसारख्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी केलेली तपासणीच आधीच्या तपासणीशी ताडून पाहावी.

ट्रायग्लिसराइडच्या पाठोपाठ बीपी उतरतं. पहिल्या दोन आठवड्यांतच थोडा फरक दिसू लागतो, कारण खाणं कमी झालं की रक्तातलं इन्सुलिन घटतं आणि मूत्रपिंडं मीठ धरून ठेवण्याऐवजी पाण्याबरोबर बाहेर सोडतात. जेवण कमी म्हणजे लोणचं, पापड, फरसाणही कमी, तोही हातभार लागतो. पुढे चरबी खरोखर घटली की मज्जासंस्थेचा रक्तवाहिन्यांवरचा ताण सैल होतो आणि मूत्रपिंडांभोवतीचा दाबही कमी होतो. २००३ मध्ये २५ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी पाच किलो वजन उतरल्यावर वरचं बीपी साडेचारच्या आसपास आणि खालचं साडेतीनच्या आसपास घटलं होतं. म्हणजे ढोबळमानानं किलोमागे एक. आपल्या गृहस्थांचं बीपी आठ आठवड्यांत १३८/८८ वर आलं, ते सरासरीहून थोडं जास्त. मीठ कमी झाल्याचा वाटा त्यात असणार.

बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी इथं सावध राहायला हवं. वजन उतरत राहिलं आणि गोळीचा डोस तोच राहिला, तर अंथरुणातून उठताना अंधारी येते, तोल जातो. उन्हाळ्यात, लघवी वाढवणारी गोळी चालू असताना तर हे आणखी लवकर होतं. अशा वेळी बसून आणि मग उभं राहून मिनिट-दोन मिनिटांनी बीपी मोजावं. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवून डोस ठरवून घ्यावा, मनानं बंद करू नये. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांनाही हेच लागू आहे. त्यात धोका साखर फार उतरण्याचा असतो.

आता त्या न हललेल्या एलडीएलकडे येऊ. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, हिशोबानं काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा, उरेल ते एलडीएल. आपल्या गृहस्थांचा हिशोब करून पाहा. आधी २१८ वजा ३४ वजा ५२, म्हणजे १३२. आठ आठवड्यांनी १९६ वजा ३२ वजा ३४, म्हणजे १३०. एकूण कोलेस्टेरॉल २२ नं घटलं, पण त्यातला मोठा वाटा त्या चरबीच्या गाठोड्यांचा होता, म्हणून एलडीएलच्या ओळीत तो दिसला नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा केलं की ‘नॉन-एचडीएल’ मिळतं. रक्तवाहिन्यांना त्रास देणारं सगळं कोलेस्टेरॉल त्यात येतं. ते १८४ वरून १६४ वर आलं आहे. ट्रायग्लिसराइड जास्त असणाऱ्या माणसानं आधी हा आकडा पाहावा, असं माझं ठाम मत आहे.

एचडीएल घटण्यातही घाबरण्यासारखं काही नाही. वजन उतरत असतानाच्या काळात एचडीएल थोडं उतरतं, आणि वजन एका जागी स्थिरावलं की आधीपेक्षा वर जातं. १९९२ साली ७० अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हीच दोन टप्प्यांची चाल दिसली होती. फार वजन झपाट्यानं उतरवणाऱ्यांत तर मधल्या काळात एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएलही तात्पुरतं चढू शकतं, कारण चरबीच्या पेशींत साठलेलं कोलेस्टेरॉल बाहेर पडत असतं. म्हणून वजन स्थिरावून निदान महिनाभर झाल्यावर केलेला रिपोर्टच खरा. आपल्या गृहस्थांचं वजन पुढे ७७ किलोवर थांबलं असं धरू. महिन्यानंतरच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड १५०, एचडीएल ३८, एकूण १९२, म्हणजे एलडीएल १२४ आणि नॉन-एचडीएल १५४. बीपी १३४/८४.

सात किलो उतरवूनही एलडीएल आठच आलं. त्याच १९९२ च्या अभ्यासाचा हिशोब किलोमागे जेमतेम एकाचा आहे, आणि वजनाकडून एलडीएलसाठी याहून फार जास्त अपेक्षा ठेवू नये. एलडीएल वजनापेक्षा अनुवंशावर आणि ताटातल्या चरबीच्या प्रकारावर जास्त अवलंबून असतं. साजूक तूप, लोणी, चीज, मटण यांवर भर देऊन आणि भात-पोळी सोडून वजन उतरवणाऱ्यांत ट्रायग्लिसराइड छान उतरतं आणि एलडीएल चढतं, असंही काहींच्या बाबतीत होतं. तूप-लोण्याऐवजी शेंगदाणा, करडई, मोहरीचं तेल, आणि जोडीला डाळी, ओट्स, भाज्या आल्या तर तेच वजन उतरताना एलडीएलही उतरतं.

हृदयविकाराचा धोका हा आकडा सगळ्यात शेवटी हलतो, आणि तो कुठल्याही रिपोर्टवर छापलेला नसतो. अमेरिकेत ‘लुक अहेड’ नावाची मोठी चाचणी झाली. टाइप २ मधुमेह असलेले ५१४५ लोक त्यात होते. एका गटाला आहार-व्यायामाचं कसून मार्गदर्शन मिळालं आणि वर्षाअखेर त्यांचं वजन सरासरी ८.६ टक्के उतरलं. बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड सगळं सुधारलं. तरी जवळपास दहा वर्षांनी हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांत दोन गटांत फरक पडला नाही. दुसऱ्या गटाला औषधं, विशेषतः स्टॅटिन, जास्त मिळत होती. शिवाय शेवटी वजनातला फरकही ६ आणि ३.५ टक्के इतकाच उरला होता. पुढे त्याच आकडेवारीत शोध घेतला तेव्हा पहिल्या वर्षी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवणाऱ्यांत धोका सुमारे २१ टक्के कमी दिसला. पण अशा मागाहून केलेल्या विश्लेषणात मुळातच जास्त निरोगी माणसं एका बाजूला जमलेली असू शकतात.

२०२३ च्या ‘सिलेक्ट’ चाचणीत सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनानं हृदयविकार असलेल्या, वजन जास्त असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांवर पाहणी झाली. इंजेक्शन घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्के कमी होतं. गंमत अशी की फारसं वजन उतरण्याआधीच फायदा दिसू लागला होता. म्हणजे औषधाचं कामही त्यात आहे, सगळं श्रेय काट्याला देता येत नाही.

याचा आपल्या गृहस्थांसाठी अर्थ काय? त्यांची बीपीची गोळी असेल तर डोस कमी होण्याची शक्यता आहे. ट्रायग्लिसराइडसाठी वेगळ्या औषधाची गरज बहुधा उरलेली नाही. पण त्यांना आधी हार्ट अटॅक येऊन गेला असेल, किंवा अँजिओप्लास्टी झाली असेल, तर त्यांचं एलडीएल ७० च्याही खाली हवं. १२४ वरून तिथं नेणं वजनाच्या आवाक्यातलं नाही. स्टॅटिनची मध्यम मात्रा एलडीएल तीस टक्के किंवा जास्त घटवते, म्हणजे चाळीसच्या आसपास, आणि इथं तीही पुरत नाही, जास्त मात्रा किंवा जोडीला दुसरी गोळी लागते. तेव्हा सात किलो उतरल्याच्या आनंदात ती गोळी बंद करायची नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे वजनाचा आणि घरच्या बीपीचा तारीखवार तक्ता न्यायचा, आणि नॉन-एचडीएलचं आपलं लक्ष्य किती, हे स्पष्ट विचारून घ्यायचं.