‘माझे 436 रुपये का कापले?’

मे महिना संपत आला की ग्रामीण बँकांच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो: ‘साहेब, माझ्या खात्यातनं 436 रुपये का कापले?’ बहुतेक वेळा ते प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेच्या वार्षिक हप्त्याचे पैसे असतात. विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे असं चालतं आणि एकदा संमती दिली की हप्ता दरवर्षी खात्यातून आपोआप जातो. पासबुकात त्याची नोंद इंग्रजी आद्याक्षरांत छापून येते. ज्याने तीन वर्षांपूर्वी एका फॉर्मवर सही केली, त्याला त्यातून काहीच उलगडत नाही.

जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या एका गावातल्या शाखाधिकाऱ्यांकडे चॅटबॉट विकणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन गेला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत, चोवीस तास, ग्राहकांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळतील असं त्याचं म्हणणं होतं. शाखेत माणसं कमी, पीककर्जाच्या हंगामात दारापर्यंत रांग. ‘याने माझं काउंटर खरंच हलकं होईल का?’ असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, साहेब, या 436 रुपयांपासूनच सुरुवात करू. ऐकायला हा एक प्रश्न आहे, पण ग्राहकाला त्यात तीन गोष्टी विचारायच्या असतात. ही रक्कम कशाची असते? माझ्या खात्यातून गेलेली रक्कम त्याचीच आहे का? आणि मला विमा नको असेल तर पैसे परत मिळतील का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसाठी सारखं आहे. विमा 2 लाखांचा, हप्ता 436 रुपयांचा, बंद करायचा तर शाखेत अर्ज द्यायचा. हे काम चॅटबॉट चांगलं करतो, रात्री दहालाही करतो आणि पन्नासाव्यांदा विचारलं तरी तितक्याच शांतपणे करतो. मात्र हे उत्तर त्याच्यापर्यंत कुठून येतं, ते मॅनेजरने समजून घ्यायला हवं. आजच्या चॅटबॉटच्या पोटात एक भाषा-मॉडेल असतं. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दांनंतर कोणते शब्द येतात याचा अंदाज बांधायला ते शिकलेलं असतं. त्याला तुमची बँक माहीत नसते. म्हणून बँकेची परिपत्रकं आणि माहितीपत्रकं त्याच्या हाताशी ठेवतात. प्रश्न आला की त्यातला जुळणारा मजकूर शोधला जातो आणि त्यावरून मॉडेल वाक्यं रचतं. योग्य मजकूर सापडला नाही तरी अनेकदा ते थांबत नाही. खरं वाटेल असं उत्तर तयार करतं आणि खऱ्या उत्तराइतक्याच आत्मविश्वासाने देतं. उत्तराच्या सुरावरून खरं-खोटं ओळखता येत नाही, हा या यंत्राचा सर्वांत मोठा धोका आहे.

त्यामुळे पहिलं काम कागदांचं. याच विम्याचा हप्ता मे 2022 पर्यंत 330 रुपये होता. कपाटातली सगळी परिपत्रकं एकगठ्ठा चढवली तर जुनं परिपत्रकही शोधात वर येतं आणि बॉट बिनदिक्कत 330 सांगतो. वर्षाच्या मध्यात विमा घेणाऱ्याचा पहिला हप्ता कमी असतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये नाव नोंदवलं तर 342 रुपये जातात. हे कागदात लिहिलेलं नसेल, तर ‘माझे 342 का गेले’ या प्रश्नावर बॉट काहीतरी कारण शोधून काढेल. रद्द झालेलं परिपत्रक बाजूला काढणं आणि प्रत्येक कागदावर तो कधीपासून कधीपर्यंत लागू आहे हे लिहिणं, हे काम शाखेतल्या किंवा मुख्य कार्यालयातल्या जाणत्या माणसाचंच आहे.

मराठी संस्थांपुढे यात आणखी एक अडचण आहे आणि विकणारे सहसा तिचा उल्लेख करत नाहीत. आपल्याकडची बरीच जुनी परिपत्रकं कृतीदेव किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. पडद्यावर ती देवनागरी दिसतात, पण आत साठवलेली अक्षरं रोमन असतात. ‘कर्ज’ हा शब्द कृतीदेवमध्ये आत dtZ असा असतो. यंत्र तेच वाचतं आणि ‘कर्ज’ शोधायला गेलं की त्याच्या हाती काही लागत नाही. पारखायची रीत सोपी आहे. फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर ठीक. रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला तर तो मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागेल. काहीच कॉपी होत नसेल तर तो कागदाचा नुसता फोटो आहे आणि त्यातली अक्षरं वेगळी वाचून घ्यावी लागतील.

दुसरा प्रश्न खात्याचा आहे. ‘माझे’ 436 कशाचे, हे सांगायला खातेउतारा बघावा लागतो. बॉट बँकेच्या संगणक प्रणालीला जोडला नसेल, तर त्याने ‘बहुधा विम्याचा हप्ता असेल, खात्री शाखेत करा’ एवढंच म्हटलं पाहिजे. जोडायचा असेल तर समोर कोण आहे हे ठरवावं लागतं आणि इथे शाखाधिकारी थोडे थबकले. त्यांनाच गाव ठाऊक. वडिलांच्या खात्याला थोरल्या मुलाचा नंबर, भाऊ वेगळे झालेले, नंबर मात्र तोच. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याच माणसाला देते, बँकेत तो बदललेला नसतो. केवळ नोंदवलेल्या नंबरवरून मेसेज आला म्हणून शिल्लक आणि व्यवहार सांगायला लागलो, तर घरातल्या भांडणात बँक साक्षीदार व्हायची. म्हणून आधी नंबरांची केवायसी ताजी करणं, मग खात्याची माहिती. उलट क्रमाने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रश्न पैसे परत देण्याचा, म्हणजे निर्णयाचा. तो बॉटकडे द्यायचाच नाही. याबाबत कॅनडातलं एक प्रकरण प्रत्येक बँक अधिकाऱ्याने लक्षात ठेवावं. आजीच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्या एका माणसाला एअर कॅनडाच्या चॅटबॉटने सांगितलं, की तिकीट काढल्यावर 90 दिवसांच्या आत अर्ज केला तर सवलत मिळेल. कंपनीचा खरा नियम तसा नव्हता. वाद लवादापुढे गेला तेव्हा, चॅटबॉटने जे सांगितलं त्याला तो स्वतःच जबाबदार आहे, असा कंपनीचा बचाव होता. फेब्रुवारी 2024 मध्ये लवादाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. तो कॅनडाचा निकाल आहे, आपल्याकडे बंधनकारक नाही. पण ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर वेगळं काय आहे? बँकेच्या नावाने आलेला मेसेज म्हणजे बँकेचा शब्द.

हाच धोका पीककर्जात रुपयांत मोजता येतो. महाराष्ट्रात 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. आता एखादा शेतकरी लिहितो, ‘माझं 2 लाखाचं कर्ज बिनव्याजी आहे ना?’ या ‘ना’मध्ये त्याला हवं ते उत्तर दडलेलं आहे आणि भाषा-मॉडेलचा कल विचारणाऱ्याच्या म्हणण्याकडे झुकण्याचा असतो. ‘होय, 3 लाखांपर्यंत शून्य टक्के’ असं उत्तर येतं आणि ‘मुदतीत फेडलं तर’ हे तीन शब्दांचं कलम गळतं. शेतकरी भाव वाढायची वाट पाहत माल ठेवतो, मुदत उलटते, सवलत जाते. कर्जाचा दर सहा टक्के धरला तर वर्षाचे 12,000 रुपये त्याच्या अंगावर येतात आणि मुदतीनंतरचं व्याज वेगळं. शिवाय काही बँका आधी व्याज भरून घेतात आणि सवलतीची रक्कम नंतर खात्यात जमा करतात, काही घेत नाहीत. हे तुमच्या बँकेचं धोरण आहे, मॉडेलला ते कळायचं कारण नाही. अशा प्रश्नांना मॉडेलला स्वतःची वाक्यं रचू देऊ नयेत. बँकेने मंजूर केलेलं, अटीसकट लिहिलेलं उत्तर शब्दशः पाठवावं. व्याजाचा आकडा तर कधीच त्याच्याकडून काढून घेऊ नये, तो बँकेच्या प्रणालीतूनच यावा. बेबाकी दाखला, नवं-जुनं, सातबाऱ्यावरचा बोजा, वारसनोंद हे विषय आले की बॉटने कोणती कागदपत्रं आणायची ते सांगावं आणि माणसाचं नाव-नंबर द्यावा.

एका प्रश्नाला मात्र माणसाची वाटसुद्धा बघायची नसते. रात्री अकराला कुणी ‘पैसे गेले’, ‘ओटीपी दिला चुकून’, नाहीतर ‘paise kat zale mi kele nahit’ असं लिहितो. सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2017 मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे कळवल्याची वेळ हा पुरावा आहे. अशा मेसेजवर बॉटने ‘उद्या शाखेत संपर्क साधा’ म्हटलं तर ग्राहक आणि बँक दोघेही बुडतात. त्याने लगेच तक्रार क्रमांक द्यावा, खातं किंवा कार्ड रोखणाऱ्या ड्युटीवरच्या माणसाला फोन जावा आणि ग्राहकाला 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन सांगावी. ही सोय नसलेला बॉट चोवीस तास चालू ठेवणं मला गैर वाटतं.

‘मग मी पारखू कसा?’ हा शाखाधिकाऱ्यांचा शेवटचा प्रश्न होता. दोन आठवडे काउंटरवर एक वही ठेवा आणि लोक जसे बोलतात तसेच प्रश्न त्यांच्या शब्दांत लिहा. तेच प्रश्न देवनागरीत, रोमनमध्ये आणि बोलून पाठवलेल्या व्हॉइस मेसेजमधून बॉटला विचारा. मधे चार-पाच सापळे घाला. शाखेत लॉकर नसेल तर ‘लॉकरचं भाडं किती?’ विचारा. ‘लॉकर नाही’ किंवा ‘मला माहिती नाही’ हे पास, भाडं सांगितलं तर नापास. एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारून उत्तर बदलतं का बघा. मग सुरू केल्यावरही दर आठवड्याला काही संभाषणं शाखेतल्या माणसाने वाचलीच पाहिजेत, कारण चुकीचं उत्तर मिळालेला ग्राहक तक्रार करत नाही, तो ते खरं मानून घरी जातो.

अशा शाखेला माझा सल्ला एवढाच: वेळा, कागदपत्रं, योजनांची माहिती आणि फसवणुकीची तक्रार नोंदवणं, इतक्यावर बॉट सुरू करा. खात्याची माहिती नंबर तपासून झाल्यावर जोडा. कर्ज, व्याज आणि परतावा यांची उत्तरं बँकेच्या मंजूर शब्दांतच जाऊ द्या. आणि हे सगळं कंपनीच्या करारात लेखी आल्याशिवाय सही करू नका.