उन्हाने त्वचा रापते, तेव्हा...

मे महिन्यातला मंगळवार. एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात २२ वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. चेहरा, मान आणि दंड चांगलेच काळवंडलेले. दोन्ही गालांवर घासल्यासारखे लाल चट्टे. शनिवारी ती मैत्रिणींबरोबर तारकर्लीला गेली होती. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत सगळ्याजणी समुद्रातच होत्या. येत्या रविवारी तिचा साखरपुडा होता, त्यामुळे मुलीपेक्षा आईच जास्त घाबरलेली.

“रविवारी सकाळी तर चेहरा ठीक होता हो, डॉक्टर,” आई म्हणाली. “थोडी लाली होती, एवढंच. संध्याकाळी पार्लरमध्ये फेशियल केलं आणि काल रात्रीपासून ही काळी पडायला लागली. उन्हानं झालं असतं तर शनिवारीच नसतं का झालं? त्या क्रीममुळंच झालंय हे.” सोमवारी रात्री आणि मंगळवारी सकाळी मुलीने लिंबू आणि साखर लावून चेहरा खसखसून घासलाही होता.

आईचा प्रश्न वाजवी होता. ऊन शनिवारचे, तर रंग सोमवारी कसा? उत्तर असे, की त्वचेवर दिसणारा रापलेला रंग उन्हाने फासलेला नसतो. उन्हाने पेशींना इजा होते, त्या इजेची वर्दी दुसऱ्या पेशींना जाते आणि मग त्या पेशी नवा रंग तयार करतात. या सगळ्याला दोन-तीन दिवस लागतात.

मुलीला विचारल्यावर आणखी एक गोष्ट कळली. शनिवारी समुद्रातून बाहेर आल्यावर तिला हात करडे-काळपट दिसले होते, पण रात्रीपर्यंत तो रंग बराच उतरला होता. हाही उन्हाचाच परिणाम, पण वेगळा. उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. त्यांतल्या ‘ए’ प्रकारच्या किरणांनी त्वचेत आधीपासून असलेले मेलॅनिन हे रंगद्रव्य काही मिनिटांत गडद होते. नवे काही तयार होत नाही, म्हणून हा रंग बहुधा काही तासांत फिका पडतो. खरे रापणे सुरू होते ते मुख्यतः ‘बी’ प्रकारच्या किरणांमुळे, आणि ते सुरू झाल्याचे त्या वेळी डोळ्यांना दिसत नाही.

त्वचेच्या बाहेरच्या थरात बहुतेक पेशी केराटिनोसाइट नावाच्या असतात. ‘बी’ किरण या पेशींच्या केंद्रकापर्यंत जातात आणि तिथल्या डीएनएवर आदळतात. डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी मानली, तर तिच्या एकाच बाजूला शेजारी-शेजारी असलेली दोन अक्षरे, बहुतेक वेळा दोन थायमिन, या किरणांच्या ऊर्जेने एकमेकांना चिकटतात. तिथे शिडीला गाठ येते. पेशी विभागताना डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा अशा गाठीपाशी अडखळते. नक्कल चुकीची झाली, तर ती चूक कायमची राहू शकते. त्वचेच्या कर्करोगाची सुरुवात अनेकदा अशाच चुकांतून होते.

म्हणून पेशीत एक पहारेकरी असतो. पी-५३ नावाचे हे प्रथिन एरवी तयार होते तसे लगेच मोडलेही जाते. डीएनएला इजा झाली की काही तासांत त्याचे प्रमाण वाढते. ते पेशीचे विभाजन थांबवते. दुरुस्ती करणारी प्रथिने गाठीच्या दोन्ही बाजूंनी कापून सुमारे ३० अक्षरांचा तुकडा काढून टाकतात आणि समोरच्या बाजूवरून वाचून तो पुन्हा भरतात. इजा फारच मोठी असेल, तर हाच पहारेकरी पेशीला मरायला लावतो. उन्हाने भाजल्यावर त्वचेचे पापुद्रे निघतात, त्यांत अशा पेशीही असतात. मुलीच्या चेहऱ्यावर रविवारी दिसलेली लाली याच इजेचा दाह होता. तो साधारण १२ ते २४ तासांत सर्वांत जास्त असतो. म्हणजे रविवारी सकाळी ‘ठीक’ दिसणाऱ्या चेहऱ्यात काम जोरात चालू होते.

या पहारेकऱ्याचे आणखी एक काम अमेरिकेतल्या बॉस्टनमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले. पी-५३ केराटिनोसाइटमधला एक जनुक चालू करते आणि त्यापासून पीओएमसी नावाचे एक लांबलचक प्रथिन बनते. त्याचे तुकडे होतात, आणि त्यांतला एक तुकडा म्हणजे अल्फा-एमएसएच हे संप्रेरक. ते पेशीबाहेर पडते आणि शेजारच्या रंगपेशीला निरोप देते. ज्या उंदरांमध्ये पी-५३ नव्हतेच, त्यांची त्वचा अतिनील किरणांनी रापली नाही. त्याआधी १९९४ मध्ये बॉस्टनमधल्याच दुसऱ्या एका गटाने दोन थायमिनचा छोटासा तुकडा गिनिपिगच्या त्वचेवर लावून पाहिला होता. ऊन नाही, अतिनील दिवा नाही, तरीही त्वचा गडद झाली. म्हणजे त्वचा उन्हाला नव्हे, तर डीएनए बिघडल्याच्या खुणेला उत्तर देत होती.

निरोप ज्यांना मिळतो त्या रंगपेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, बाह्यत्वचेच्या तळाशी असतात. त्यांना ऑक्टोपससारखे लांब हात असतात आणि एकेक रंगपेशी या हातांनी साधारण ३६ केराटिनोसाइटपर्यंत पोहोचते. तिच्या पृष्ठभागावर एमसी-१-आर नावाचे कुलूप असते आणि अल्फा-एमएसएच ही त्याची किल्ली. कुलूप उघडले की पेशीच्या आत एकामागून एक संदेश जातात आणि शेवटी टायरोसिनेज नावाचे विकर जास्त प्रमाणात बनू लागते. टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन बनवण्याची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची पायरी या विकराची आहे. जन्मतः केस तांबडे असलेल्या गोऱ्या लोकांत बहुधा हे कुलूपच सदोष असते. त्यामुळे किल्ली मिळूनही त्यांची त्वचा रापत नाही, नुसतीच भाजते.

नवे मेलॅनिन छोट्या पिशव्यांत भरले जाते. या पिशव्या रंगपेशीच्या हातांतून सरकत टोकापर्यंत जातात आणि तिथून केराटिनोसाइटच्या आत शिरतात. तिथे त्या केंद्रकाच्या वर, नेमक्या उन्हाच्या बाजूला, टोपीसारख्या गोळा होतात. ज्या डीएनएने तक्रार केली, त्याच्याच डोक्यावर ही छत्री उघडली जाते. विकर बनणे, मेलॅनिन तयार होणे, पिशव्या पोहोचणे, या सगळ्याला ४८ ते ७२ तास जातात. शनिवारी दुपारपासून मोजले, तर सोमवार दुपार ते मंगळवार दुपार. आईने सांगितलेली वेळ बरोबर होती, फक्त आरोपी चुकला होता.

ही छत्री मात्र झिरझिरीत असते. रापलेल्या त्वचेचे संरक्षण एसपीएफच्या मापात साधारण ३ ते ४ इतकेच भरते. म्हणजे भाजणाऱ्या किरणांपैकी पाव ते एक तृतीयांश किरण तरीही आत जातात. शिवाय ज्या उन्हाने ती उघडली, त्या उन्हात तिचा काही उपयोग झालेला नसतो. ‘आपण मुळातच सावळे, आपल्याला काय होतंय’ हेही अर्धेच खरे. सावळ्या आणि गोऱ्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. सावळ्या त्वचेत मेलॅनिनच्या पिशव्या मोठ्या असतात आणि जास्त पसरलेल्या असतात. त्यामुळे तळातल्या पेशी बऱ्याच वाचतात आणि आपल्याकडे त्वचेचे कर्करोग कमी दिसतात. पण वरच्या थरांतल्या डीएनएला गाठी पडतातच. पडल्या नसत्या, तर सावळा माणूस रापलाच नसता.

डॉक्टरांनी मुलीला मनगटावरचे घड्याळ काढायला सांगितले. पट्ट्याखालची त्वचा मूळ रंगाची होती आणि सीमारेषा स्वच्छ होती. मग तिच्या हिरड्या आणि तळहाताच्या रेषा पाहिल्या. दोन्हींचा रंग नेहमीचा होता. ही तपासणी उगाच नव्हती. एमसी-१-आरचे कुलूप उन्हाशिवायही उघडू शकते. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी होतात, त्या ॲडिसन नावाच्या आजारात मेंदूतली पियुषिका ग्रंथी पीओएमसीपासून बनणारे दुसरे संप्रेरक, एसीटीएच, भरमसाट सोडते आणि तेही याच कुलपाला लागू पडते. आपल्याकडे क्षयरोग हे या आजाराचे एक जुने कारण आहे. अशा वेळी तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे, हिरड्या, जुने व्रण आणि कपड्यांखालची त्वचाही काळी पडते. सोबत थकवा, वजन घटणे, उभे राहताच चक्कर येणे, खारट खावेसे वाटणे अशा तक्रारी असतात. उन्हात न जाता असे काळवंडत असेल, तर क्रीम लावत बसू नये. सकाळच्या रक्तातील कॉर्टिसॉल तपासून घ्यावे.

मुलीच्या बाबतीत तसे काही नव्हते. तिला डॉक्टरांनी पहिल्यांदा घासणे थांबवायला सांगितले. नवे मेलॅनिन तळाच्या पेशींपासून वरपर्यंत भरलेले असते आणि लिंबू-साखरेने निघतो तो फक्त वरचा मृत पापुद्रा. तळाची पेशी वर येऊन गळून पडायला चार ते सहा आठवडे लागतात, त्याआधी रंग ओरबाडून काढता येत नाही. उलट घासण्याने दाह होतो आणि दाह हाही रंगपेशींना जागे करतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडतात, ते वेगळेच. औषधाच्या दुकानातून मैत्रिणीच्या सांगण्यावरून आणलेले स्टिरॉइडयुक्त गोरेपणाचे मलम तर अजिबात नको. त्याने त्वचा पातळ होते आणि तोंडावर पुरळ व लव येते.

तिला साधे मॉइश्चरायझर दिले. बाहेर पडण्याआधी चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतके, एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावायचे, दर दोन तासांनी पुन्हा लावायचे आणि दुपारी छत्री घ्यायची, एवढे सांगितले. रंग आणखी काही दिवस वाढेल, तेव्हा घाबरू नका, हेही आईला बजावले.

साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. मुलगी रापलेलीच होती. जुलै संपेपर्यंत घड्याळाच्या पट्ट्याची रेषा पुसट झाली. गालांवर लिंबू-साखर घासली होती, तिथले तपकिरी डाग मात्र गणपतीपर्यंत राहिले.