पाळी थांबली की आधी काय तपासायचं?

समजा, नाशिकची 31 वर्षांची एक शिक्षिका आहे. लग्न झालेलं, मूल अजून नाही. पाळी वयात आल्यापासून 28 ते 30 दिवसांनी, अगदी ठरल्यासारखी येणारी. एका महिन्यात ती आली नाही. तारीख उलटून आठ दिवस झाल्यावर तिने घरीच किट आणून लघवी तपासली. एकच रेघ आली. पुढच्या महिन्यातही पाळी नाही, तेव्हा जवळच्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्या संपल्यावर चौथ्या दिवशी रक्तस्राव झाला आणि घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. त्यानंतर मात्र सलग तीन महिने काहीच नाही.

ज्या बाईची पाळी नियमित होती, तिची पाळी सलग तीन महिने आली नाही तर कारण शोधायला लागायचं, असा वैद्यकातला संकेत आहे. पाळी आधीपासूनच मागेपुढे होणारी असेल तर सहा महिने. आपल्या शिक्षिकेच्या बाबतीत ही मुदत लांबली, कारण मधल्या गोळ्यांमुळे पाळी सुरू झाली असंच सगळ्यांनी धरलं. त्या गोळ्यांमध्ये प्रोजेस्टेरॉन असतं. गर्भाशयाचं अस्तर थोडंफार तयार असेल, तर हे हार्मोन बंद होताच ते गळून पडतं. त्यावरून एवढंच कळतं की शरीरात थोडं इस्ट्रोजेन आहे आणि रक्त बाहेर येण्याची वाट मोकळी आहे. स्त्रीबीज तयार होतं आहे की नाही, आणि नसेल तर का नाही, याचा पत्ता त्यातून लागत नाही. कारण न शोधता दर महिन्याला अशा गोळ्या देत राहणं मला चुकीचं वाटतं. मूळ दुखणं त्यामागे वर्षभरसुद्धा दडून राहू शकतं.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर पहिली तपासणी पुन्हा गर्भधारणेचीच झाली. ‘ती तर केली होती की,’ असं ती म्हणाली. पण चार महिन्यांपूर्वीची एक रेघ आजबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय पाळी चुकल्यावर लगेच केलेली तपासणी फसवी ठरू शकते. त्या महिन्यात स्त्रीबीज उशिरा सुटलं असेल, तर लघवीत दिसण्याइतकं गर्भाचं हार्मोन तोवर तयारच झालेलं नसतं. म्हणून उत्तर नकारार्थी आलं तर आठवड्याने पुन्हा तपासायचं, आणि शंका उरली तर रक्तातलं बीटा-एचसीजी करायचं. नसबंदी झालेली असो, बाळ अंगावर पीत असो किंवा लग्न झालेलं नसो, ही तपासणी कोणाच्याही बाबतीत वगळत नाहीत. तरुण मुलीला याबद्दल विचारायचं असेल, तर आईला किंवा सासूला थोडा वेळ बाहेर बसवून विचारायला हवं. नाहीतर खरं उत्तर मिळण्याची शक्यताच संपते.

शिक्षिकेचा रिपोर्ट नकारार्थी आला. मग वजन, जेवण, व्यायाम, झोप, डोकेदुखी, नजर, चेहऱ्यावरची लव, आधी कधी क्युरेटिंग झालं होतं का, असे प्रश्न झाले. यातलं काहीच नव्हतं. ‘कुठलं औषध चालू आहे?’ यावर ती म्हणाली, ‘काही नाही.’

त्याच दिवशी रक्त घेतलं. टीएसएच म्हणजे थायरॉईडची तपासणी, प्रोलॅक्टिन, एफएसएच आणि इस्ट्राडिओल एवढंच सांगितलं होतं, सोबत सोनोग्राफी. या तपासण्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच करायच्या असं पुष्कळ जणींनी ऐकलेलं असतं, आणि तो दिवस यावा म्हणून आधी पाळीच्या गोळ्या घेतल्या जातात. पाळीच बंद असताना त्याची गरज नसते. रक्त कुठल्याही दिवशी चालतं.

रिपोर्टमध्ये टीएसएच 2.3 म्हणजे व्यवस्थित होतं. सोनोग्राफीत बीजकोश ठीक दिसले, फक्त गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं. एफएसएच 4.8 होतं आणि प्रयोगशाळेच्या मते तेही नॉर्मल. पण शेजारीच इस्ट्राडिओल कमी होतं. बीजकोश इस्ट्रोजेन बनवत नसतील, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने एफएसएच वाढवून त्यांना हलवायला हवं. ते वाढलेलं नाही, याचा अर्थ अडचण बीजकोशांत नसून वरच्या पातळीवर आहे. हे आकडे सुटे सुटे वाचले की नेमकी हीच गोष्ट निसटते.

प्रोलॅक्टिन होतं 86. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते साधारण 25 नॅनोग्रॅमच्या आत असतं. बाळंतिणीला दूध आणणारं हे हार्मोन वाढलं की मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात, स्त्रीबीज पिकत नाही आणि पाळी थांबते. अशा वेळी पिट्युटरीत गाठ आहे का, हा विचार पहिला मनात येतो, आणि लगेच एमआरआय लिहून देण्याचा मोहही होतो.

डॉक्टरांनी तो लिहिला नाही. त्यांनी प्रश्न बदलून विचारला, ‘सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय घालता?’ तेव्हा कळलं की गेले सात महिने ती रोज सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल घेत होती. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत दोन नावं होती, पॅन्टोप्राझोल आणि डॉमपेरिडोन.

डोपामिन नावाचं रसायन प्रोलॅक्टिनला एरवी लगाम घालून असतं. जठर पुढे ढकलायला मदत करणारं डॉमपेरिडोन हाच लगाम सोडतं. लेव्होसल्पिराइड आणि मेटोक्लोप्रामाइडही तेच करतात. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढतं, पण ती औषधं स्वतःहून कधीही बंद करायची नाहीत. लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच बदल करायचा.

शिक्षिकेला डॉमपेरिडोन नसलेली साधी गोळी दिली. पाचव्या दिवशी, सकाळी उठून तीन तास झाल्यावर, वीस मिनिटं शांत बसवून पुन्हा रक्त घेतलं, कारण झोप, धावपळ आणि सुईची धास्ती यांनीही हा आकडा वर जातो. या वेळी तो 13 आला. दीड महिन्याने पाळी आली, या वेळी गोळीशिवाय. तोवर गर्भधारणा नको असेल तर काळजी घ्यायला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. स्त्रीबीज सुटतं आधी आणि पाळी येते त्यानंतर.

औषध थांबवूनही प्रोलॅक्टिन चढंच राहिलं असतं, तर एमआरआय करावाच लागला असता. आकडा 200 च्या वर, सततची डोकेदुखी किंवा बाजूचं दिसेनासं होणं, असं काही असेल तर तो लवकर करायचा. टीएसएच खूप वाढलेलं असेल तर मात्र आधी थायरॉईडचा उपचार, कारण थायरॉईड मंदावल्यानेही प्रोलॅक्टिन वाढतं.

प्रोलॅक्टिन आणि थायरॉईड ठीक, एफएसएच आणि इस्ट्रोजेन दोन्ही कमी, आणि वर्षभरात आठ-दहा किलो वजन उतरलेलं, हे चित्र वेगळं. तिथे शरीर खाणंपिणं अपुरं पडतंय म्हणून बीज पिकवणं थांबवतं, आणि आहार वाढवणं हाच मुख्य उपचार असतो. सगळी हार्मोन्स व्यवस्थित असूनही रक्तस्राव नसेल आणि आधी क्युरेटिंग झालेलं असेल, तर गर्भाशयाच्या भिंती आतून चिकटल्याची शंका घेतात. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयही हेच करू शकतो. दुर्बिणीने आत पाहिल्याशिवाय याची खात्री होत नाही.

सगळ्यात कठीण रिपोर्ट चाळिशीच्या आत एफएसएच 25 च्या वर आल्याचा. शंका असेल तर महिन्याने तो पुन्हा करतात आणि गुणसूत्रंही तपासतात. बीजकोश वेळेआधी थकल्याचं हे लक्षण आहे. मूल होण्याचा प्रश्न लगेच समोर येतो, पण हाडांचा प्रश्न कोणी काढत नाही. इस्ट्रोजेनविना हाडं तरुणपणीच ठिसूळ होऊ लागतात, म्हणून अशा स्त्रीला, काही अडचण नसेल तर, साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन्स द्यावी लागतात.