उपाशीपोटी, पण कधीपासून?

समजा, ठाण्यात राहणाऱ्या बासष्ट वर्षांच्या एका आजींची मंगळवारी सकाळी सात वाजता घरी येऊन रक्त घेण्याची वेळ ठरली आहे. फास्टिंग आणि पीपी शुगर, लिपिड प्रोफाइल आणि थायरॉइडची टीएसएच, एवढ्या तपासण्या डॉक्टरांनी लिहून दिल्या आहेत. सोमवारी संध्याकाळी लॅबचा मेसेज येतो: ‘आपली रक्ततपासणी मंगळवार सकाळी ७ ऐवजी गुरुवार सकाळी ९.३० वाजता होईल. तपासणीपूर्वी १० ते १२ तास उपवास करावा. पाणी चालेल.’

सून वाचून सांगते, “आई, उद्या नाही, गुरुवारी येणार म्हणतायत. साडेनऊला.” आजी बरं म्हणतात आणि विषय तिथंच संपतो. खरं तर तो इथून सुरू व्हायला हवा. मेसेजनं वार आणि वेळ बदलली, पण सूचना जुन्याच ठेवल्या. आदल्या रात्रीचं जेवण, सकाळच्या गोळ्या, नाश्ता आणि दोन तासांनी होणारी पीपी हे सगळं त्या एका वेळेला बांधलेलं असतं. गाठ सरकली की बाकीचं सगळं सरकतं, आणि ते कसं सरकतं हे मेसेजमध्ये नसतं.

त्यातला पहिला घोळ ‘उपवास’ या शब्दाचा. मराठी घरात उपवास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, केळं, दूध आणि चहा हे सगळं चालतं. लॅबला अभिप्रेत आहे ते यांतलं काहीच नाही. तिथं फास्टिंग म्हणजे पोटात ऊर्जा देणारा एकही घास किंवा घोट नाही, फक्त साधं पाणी. दुधाचा अर्धा कप चहासुद्धा चालत नाही, कारण त्यातली साखर आणि दूध दोन्ही रक्तात दिसतात. लॅबनं ‘उपवास’ऐवजी ‘पाण्याशिवाय काहीही खाऊ-पिऊ नये’ असं लिहिलं, तर अनेकांची फेरी वाचेल. पाणी मात्र आवर्जून प्यावं. शरीरात पाणी कमी असलं की शीर सापडायला वेळ लागतो.

आता आजींचा बुधवार बघू. त्या दिवशी संकष्टी आहे. चंद्रोदय सव्वानऊच्या आसपास, मग आरती, नैवेद्य आणि दोन मोदक. ताटावरून उठायला दहा वाजतात. गुरुवारी साडेनऊला रक्त घेतलं, तर मध्ये साडेअकरा तास जातात. साखरेच्या तपासणीला किमान आठ तास लागतात आणि लिपिडसाठी लॅबनं दहा ते बारा मागितले आहेत. दोन्ही बसतात. म्हणजे साडेनऊची वेळ आजींच्या पथ्यावरच पडली. हीच तपासणी गुरुवारी सातला ठेवली असती, तर नऊच तास भरले असते: साखरेला पुरेसे, लिपिडला अपुरे. उलट संकष्टी नसती आणि आजी नेहमीप्रमाणे साडेसातला जेवल्या असत्या, तर साडेनऊपर्यंत चौदा तास झाले असते. जास्त उपाशी राहिलं की रिपोर्ट जास्त चांगला येतो, असं नाही. लांबलेल्या उपाशीपणात यकृत स्वतःची साठवलेली साखर रक्तात सोडत राहतं, आणि मधुमेही माणसाला घाबरं होणं, घाम फुटणं याचा धोका वाढतो. म्हणून हिशोब नेहमी रक्त घेण्याच्या वेळेपासून मागे करायचा आणि शेवटचा घास कधी घ्यायचा ते ठरवायचं.

लिपिडमध्ये तास कमी पडले तर काय होतं, हे एका साध्या गणितानं कळतं. अनेक लॅब ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करतात, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. एकूण २००, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड १५० असेल, तर एलडीएल येतं १३०. आता उशिरा जेवल्यामुळे ट्रायग्लिसराइड २५० झालं आणि बाकीचे आकडे तेच राहिले, तर एलडीएल दिसतं ११०. रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी झालेलं नसतं, पण कागदावर ते वीसनं सुधारलेलं दिसतं. गोळीचा डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांसाठी हा फरक लहान नाही. युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांनी २०१६ मध्ये नेहमीच्या लिपिड तपासणीला उपाशी राहण्याची गरज नाही, असं सांगितलं. पण ट्रायग्लिसराइड खूप वाढलेलं दिसलं तर पुन्हा उपाशीपोटी बघायचं, हेही त्यात आहे. आपल्याकडे बहुतेक लॅब अजून उपाशीपोटीच रक्त मागतात.

सगळ्यात जोखमीची गोष्ट सवयीची आहे. आजी रोज साडेसातला मधुमेहाची गोळी घेतात आणि मग नाश्ता करतात. रक्त सातला घ्यायचं होतं तेव्हा गोळीचा प्रश्नच नव्हता, ती रक्त दिल्यावर घ्यायची होती. साडेनऊची वेळ झाली की हात सवयीनं डबीकडे जातो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात गेली आणि पुढचे दोन तास खाणं नाही, म्हणजे साखर खाली जाऊ शकते. शिवाय फास्टिंगचा आकडाही खोटा कमी येतो. त्यामुळे मधुमेहाची गोळी रक्त दिल्यावर, नाश्त्यासोबत. रात्री इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळ बदलल्याचं डॉक्टरांना आदल्या दिवशीच सांगावं. रक्तदाबाची गोळी बहुतेकांना पाण्यासोबत घ्यायला सांगतात, तरी तीही एकदा विचारून घ्यावी.

थायरॉइडची गोळी आजी पहाटे घेतात. टीएसएचचा आकडा एका गोळीनं फारसा हलत नाही, पण सोबत टी-फोर सांगितली असेल तर गोळीनंतर काही तास तो वाढलेला दिसतो. तीही रक्त दिल्यावर घेतलेली बरी. केसांसाठी कुणी बायोटिनच्या गोळ्या घेत असेल, तर त्या काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे चुकवतात. लॅब त्या दोन-तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. मंगळवारचा गुरुवार झाल्यानं त्यासाठी सवड मिळते, फक्त कुणीतरी आठवण करायला हवी.

मग पीपी. फास्टिंगचं रक्त साडेनऊला गेलं, गोळी घेऊन आजींनी पावणेदहाला पोह्यांचा पहिला घास घेतला, की पीपीचं रक्त पावणेबाराला घ्यायचं. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, शेवटच्या चहापासून नाही. मेसेजमध्ये पीपीची नवी वेळ नसते, आणि घरी रक्त घेणारा मुलगा तोवर दुसऱ्या घरी गेलेला असतो. एक वाजता घेतलेलं रक्त पीपी म्हणून नोंदवलं गेलं तर आकडा कमी दिसतो आणि मधुमेह आटोक्यात असल्याचा समज होतो. म्हणून मेसेज आला की लॅबला फोन करून विचारायचा पहिला प्रश्न हाच: “दुसऱ्यांदा पावणेबाराला कोण येणार?”

काही चुकलंच, तर रक्त घेणाऱ्याला खरं सांगावं. सकाळी कपभर चहा घेतला असेल तर तसं नोंदवून साखर ‘रँडम’ म्हणून करता येते. लॅबला फास्टिंग झालं की नाही हे रक्तावरून कळत नाही. रिपोर्टवरचा ‘फास्टिंग’ हा शब्द रुग्णाच्या तोंडून आलेला असतो. रिपोर्ट हातात आल्यावर नमुना घेतल्याची छापील वेळ पाहावी आणि शेवटच्या जेवणाची वेळ शेजारी पेनानं लिहावी. आजींच्या सुनेनं फास्टिंगच्या आकड्याशेजारी लिहिलं, ‘बुधवारी रात्री १०, संकष्टीचं जेवण’, आणि पीपीच्या शेजारी, ‘पोहे ९.४५ ला’.