एकच सामना, दोन विजेते

इस्तंबूल, २५ मे २००५. चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला मिलान ३-० पुढे होता. उत्तरार्धात लिव्हरपूलने तिन्ही गोल फेडले आणि शेवटी पेनल्टींवर करंडक नेला. पण सट्टेबाजाच्या वहीत ‘कोणताही एक अर्ध जिंकणे’ या पैजेत दोघेही जिंकले: मिलान पूर्वार्धामुळे, लिव्हरपूल उत्तरार्धामुळे. प्रत्येक अर्धाची धावसंख्या इथे शून्यापासून मोजतात. ‘दोन्ही अर्धांत गोल’ ही पैजही अर्थातच लागली.

अशा पैजांचा भाव कसा ठरतो? साधारण २.७ गोलांची अपेक्षा असलेला सामना धरू. गोल दोन्ही अर्धांत सारखे पडत नाहीत. उत्तरार्धात पाय थकतात, पिछाडीवरचा संघ बचाव सोडून पुढे येतो, वाया गेलेला वेळही तिथेच जास्त भरून काढतात. म्हणून पूर्वार्धाला १.२ आणि उत्तरार्धाला १.५ गोल देऊ. पॉयसाँच्या सूत्राने पूर्वार्ध गोलाविना जाण्याची शक्यता ३० टक्के, उत्तरार्धाची २२. म्हणजे गोल होण्याची शक्यता अनुक्रमे ७० आणि ७८ टक्के. दोन्हींचा गुणाकार सुमारे ५४ टक्के, आणि रास्त भाव १.८४: रुपया लावला तर मूळ रुपयासकट १.८४ परत. बुकी त्यातून आपला नफा कापून १.७५ देईल.

गंमत अशी की गोल निम्मे-निम्मे वाटले तरी भाव १.८२ च येतो. वाटणीचा गवगवा जरा जास्तच होतो. एकूण गोलांचा अंदाज चुकला तर खरा फटका बसतो.

आता याच सामन्यात यजमानांकडून १.६२ आणि पाहुण्यांकडून १.०८ गोल अपेक्षित आहेत असे समजू. यजमान पूर्वार्ध जिंकण्याची शक्यता ३७ टक्के येते, उत्तरार्ध जिंकण्याची ४१. दोन्ही हुकण्याची शक्यता ०.६३ गुणिले ०.५९, म्हणजे ३७ टक्के. उरलेले ६३ टक्के पैजेचे, भाव १.६०. पूर्ण सामना जिंकण्याची त्यांची शक्यता मात्र निम्म्याच्या आसपासच आहे.

या गुणाकारात एक गृहीतक दडले आहे: दोन अर्धांचा एकमेकांशी संबंध नाही. प्रत्यक्षात दोन गोलांनी पुढे असलेला संघ मागे सरतो आणि उत्तरार्ध प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. मग एखादा तरी अर्ध जिंकणे हिशेबापेक्षा सोपे होते. उलट दिशेचीही ओढ असते. संघ त्या दिवशी मुळातच ढेपाळलेला असेल, तर दोन्ही अर्ध एकत्रच हातचे जातात.

यातली कोणती ओढ भारी, हे जुन्या निकालांतून तपासता येते. मध्यंतराला ०-० असलेले, अशाच अपेक्षेचे सामने वेगळे काढायचे आणि त्यांपैकी कितींचा उत्तरार्धही कोरडा गेला ते मोजायचे. शंभरात २२ च्या आसपास निघाले तर गुणाकार चालेल. आकडा बराच वर गेला, तर पूर्वार्धाची मरगळ उत्तरार्धातही टिकते आहे, आणि १.८४ हा भाव त्या लीगला लागू पडत नाही.